कथेसाठी मदत हवी: कॉलेजातून परतलेला दुकानदाराचा मुलगा आणि पेठेतल्या जुन्या रीती

ओसरी
एक लघुकथा लिहायला घेतली आहे. काळ १९६१चा उन्हाळा. कऱ्हाडच्या आसपासचं बाजाराचं गाव, पेठेत किराणा-भुसाराचं दुकान. थोरला मुलगा वसंता पुण्याच्या बीएमसीसीतून बी.कॉम. होऊन येतो, गल्ल्यावर बसायला लागतो आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, एकेका रीतीला ‘का?’ म्हणून विचारतो. सध्याचा मसुदा असा आहे:

> पहिल्याच गिऱ्हाइकाने उधार मागितलं. अण्णा म्हणाले, “भवानी व्हायचीय अजून, मग ये.” वसंता उसळला. “अण्णा, या अंधश्रद्धेपायी तुम्ही गिऱ्हाईक घालवता!” आणि त्याने दारावरची लिंबू-मिरची तोडून रस्त्यावर फेकली.

हे फार नाटकी होतंय. असा मुलगा दुकानात नेमकं काय बघेल आणि कशावर बोट ठेवेल? आणि अण्णा मूर्ख दिसता कामा नयेत. त्यांच्याकडेही उत्तर हवं.

रोजकीर्द
लिंबू-मिरची राहू द्या, तिच्यावर शंभर कथा झाल्या. भवानीत तर अंधश्रद्धा कमी आणि धंद्याची शिस्त जास्त. दिवसाची सुरुवात रोखीने झाली की गल्ल्यात सुटे येतात आणि ओळखीच्या माणसाला उधार नाकारायला तोंड मिळतं. वसंताने भवानीवर हल्ला केला तर अण्णा सहज जिंकतील.

तुम्ही निवडलेल्या काळातच खरी कथा आहे. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ला. मेट्रिक वजनं १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली. मधली काही वर्षं दुकानात दोन्ही संच नांदत होते, आणि १ एप्रिल १९६२पासून किलोची सक्ती झाली. तेव्हा कथा एक वर्ष पुढे न्या. वसंता १९६२च्या मे महिन्यात परीक्षा देऊन येऊ दे. शेर, पावशेर, छटाक नुकतेच बेकायदा झालेत, पण गिऱ्हाईक अजून तेच मागतंय. बी.कॉम. झालेल्या पोराला बोट ठेवायला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

वर्ष बदललंत तर आणखी एक होईल. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा वसंता पुण्यात शिकत असणार. घरात त्या पुराचा विषयच निघाला नाही तर वाचक थबकेल. एखादं वाक्य पुरे.

तात्या_पेठकर
शेर काय नि किलो काय, एकच की. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून ‘शेरभर दूध’ म्हणतात आणि लिटर घेतात. त्यात कथा कुठली? फार तर असं दाखवा की व्यापाऱ्यांनी त्या बदलात हात धुऊन घेतले. सगळेच मालामाल झाले तेव्हा.

रोजकीर्द
तात्या, बोलण्यात एक झाले, काट्यावर नाही झाले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून सुमारे सात टक्के मोठा. त्याचा पाव म्हणजे पावशेर, २३३ ग्रॅम. सोळावा हिस्सा छटाक, ५८ ग्रॅम आणि थोडं. नव्या हिशोबात पावशेराच्या जागी पावकिलो आला, २५० ग्रॅम. छटाकेच्या जागी ५० ग्रॅम. म्हणजे एक माप वाढलं आणि दुसरं घटलं. गंमत इथेच आहे.

हिशोब सोपा व्हावा म्हणून समजा साखर शेराला एक रुपया होती. तोच भाव किलोला लावला तर एक रुपया सात पैसे. पूर्वी पावशेराला चार आणे पडत, म्हणजे पंचवीस नवे पैसे. पावकिलोला आता सत्तावीस घ्यायला हवेत. पण गिऱ्हाईक चार आणेच पुढे करतं, कारण त्याच्या लेखी पाव म्हणजे पाव. अण्णांनी ते घेतले तर किलोमागे सात पैसे बुडाले.

आता छटाक बघा. तिचा भाव एक आणा. आणा खरा सव्वासहा पैशांचा, पण बदलीच्या कोष्टकात एका आण्याला सहा पैसे मिळत. त्या सहा पैशांत गिऱ्हाइकाला ५० ग्रॅम दिले तर वीस पुड्यांचा किलो एक रुपया वीस पैशांना गेला. म्हणजे पावकिलो नेणाऱ्याला साखर रुपया किलो पडते आणि छटाक-छटाक नेणाऱ्याला एक वीस. रोजच्या मजुरीतून रोजची साखर आणि चहा नेणारा माणूस गावातल्या सुस्थितीतल्या घरांची साखर स्वस्त करून देतोय, आणि यात कुणी काटा मारलेला नाही.

वसंताने एका रात्री दिव्याखाली बसून एवढाच हिशोब केला तरी कथा उभी राहते.

ओसरी
हे भलतंच आहे! मी लबाड बाप आणि प्रामाणिक मुलगा असं धरून चाललो होतो. पण मग अण्णांनी पाच पैसे घ्यावेत ना पन्नास ग्रॅमला?

रोजकीर्द
पाच घेतले तर वीस पुड्यांचा रुपयाच होतो, किलोमागे पुन्हा सात पैसे आत. न्याय्य भाव ५.३६ पैसे, आणि तसलं नाणं टांकसाळ पाडत नाही. शंभर ग्रॅम अकरा पैशांना विकता येतील, त्यात फारसं कुणाचं जात नाही. पण जो एका आण्याची साखर मागायला आलाय त्याच्याकडे अकरा पैसे असतात कुठे? असते तर त्याने आण्यापेक्षा जास्तच नेली असती.

अण्णांसाठी एक उत्तर सुचतं, पटलं तर घ्या. जुनं छटाकेचं वजन त्यांनी गल्ल्याच्या फळीखाली ठेवलेलं आहे. आण्याचं गिऱ्हाईक आलं की ते काढतात आणि सहा पैशांत पूर्वीइतकीच, अठ्ठावन्न ग्रॅम साखर देतात. पदरचे पाव पैसा जातात, पण गिऱ्हाईक नाडलं जात नाही. एप्रिल १९६२नंतर ते वजन वापरणं गुन्हा. म्हणजे न्याय्य तोल बेकायदा वजनाने होतोय आणि कायदेशीर वजनाने गरीब नाडला जातोय. वजनमापे निरीक्षक पेठेत येईल त्या दिवशी बापलेकांत काय होतं ते तुम्ही ठरवा.

अनुराधा_का
मला वाटतं कथा आजच्या काळात आणलीत तर जास्त भिडेल. मुलगा एमबीए होऊन येतो, यूपीआयचा क्यूआर लावतो, वडील उधारीची वही सोडत नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हेच चाललंय. वडील रोख मागतात, मुलगा स्कॅन करा म्हणतो, आणि आपण मध्ये पिशवी धरून उभे.

ओसरी
अनुराधाताई, ती वेगळी कथा होईल, आणि ती तुम्हीच लिहा. मला १९६२च हवं आहे.

शिगोशीग
सगळे तराजूवरच अडकलात. किराणा-भुसाराचं दुकान म्हणताय तर निम्मा माल तराजूवर चढतच नसे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी मापाने जात. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर वेगळा, वजनाचा वेगळा, आणि पायली गावागणिक लहानमोठी. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. कॉलेजचं पोर यावर हसेल, आणि हसू दे. पण ‘लाभ’ मोठ्याने म्हटल्याने मोजणी कुठून सुरू झाली ते समोरच्याला ऐकू जातं. चूक व्हायची ती मध्येच बोलत बसल्याने होते.

मापातली लबाडी कशी होते ते वसंताला दिसलं पाहिजे. माप शिगोशीग भरतात, म्हणजे काठाच्या वर धान्याची रास राहते. सपाट भरलं तर सारख्या आकारमानाची दोन मापं सारखंच धान्य घेतात. पण वर शीग आली की रुंद तोंडाच्या मापावर मोठी रास बसते आणि उंच, अरुंद मापावर लहान. शेतकऱ्याकडून घेताना रुंद माप आणि गिऱ्हाइकाला देताना उंच माप वापरलं, तर दोन्ही मापं खरी असूनही मधला दाणा दुकानदाराचा. शिवाय धान्य उंचावरून ओतलं की दबून बसतं आणि जास्त मावतं, हाताने हळुवार सोडलं की पोकळ राहतं. माप भरताना कुणी गुडघ्याने हलकेच धक्का देतो की नाही, इकडे जुनी बायामाणसं डोळ्यांत तेल घालून बघत. धक्का दिला की दाणा खाली बसतो आणि वर आणखी मूठभर मावतो. विकणारा तो धक्का टाळतो आणि घेणारा आवर्जून देतो.

धान्याला रोजकीर्दांचं कोष्टक चालत नाही. मापटंभर ज्वारी आणि मापटंभर तांदूळ यांचं वजन सारखं नसतं, त्याच धान्याचं नवं-जुनं वेगळं भरतं. म्हणून किलोचा कायदा आल्यावर अण्णांना प्रत्येक धान्याचं मापटं तोलून बघावं लागलं असणार आणि भाव नव्याने बांधावा लागला असणार. तो प्रसंग दोन ओळींत टाका.

वाडा_चिरेबंदी_नाही
विषय निघालाच आहे तर विचारतो. घरात एक पितळी माप आहे, काठाला पट्टी, बुडाला काहीतरी ठसा. शेराचं आहे की अधशेराचं, कसं ओळखायचं?

शिगोशीग
काठोकाठ पाणी भरा आणि ते पाणी तोला. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. पण त्यावरून शेर की अधशेर हे छातीठोक सांगता येणार नाही, कारण एका तालुक्यातला अधशेर दुसऱ्या तालुक्यात भलताच भरायचा. ठशाचा फोटो वेगळ्या धाग्यात टाका. इथे कथा चालू आहे.

काटेकोर
तराजूबद्दल एक भर. पेठेत दांडीची तागडी असणार. मधे काटा, दोन टोकांना दोरीने टांगलेली पारडी. रिकामी पारडी समपातळीत आली नाहीत तर हलक्या पारड्याला पासंग बांधतात, चिंचोका, खडा, काहीही. काटा सरळ उभा राहिला की गिऱ्हाइकाचं समाधान होतं.

पण पासंगाने फक्त रिकामी तागडी सरळ होते. दांडीचे दोन हात असमान असतील तर ते व्यंग तसंच राहतं आणि माल चढला की बाहेर येतं. समजा मालाच्या बाजूचा हात दोन टक्क्यांनी लांब आहे. एका बाजूला किलोचं वजन आणि दुसरीकडे माल ठेवून काटा सरळ केला तर मालाच्या पारड्यात असतात ९८० ग्रॅम. गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नाही, कारण रिकामी तागडी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

पकडायची रीत सोपी. तोलून झालं की माल आणि वजन यांच्या जागा बदलायच्या. हात सारखे असतील तर काटा पुन्हा सरळच राहील, नाहीतर मालाचं पारडं वर जाईल. वरच्या उदाहरणात वजन लांब हातावर गेल्यावर काटा सरळ करायला १०२० ग्रॅम माल लागेल. वसंता हे शाळेतच शिकलेला असेल, बी.कॉम.ची गरज नाही. आणि अण्णांना हे व्यंग माहीतच नसणं अगदी शक्य आहे. दांडी मधल्या खाचेत घासून झिजते, लोखंडी असली तरी. तागडी आजोबांच्या वेळची असेल तर ती कुणी मुद्दाम खोटी केली असं मानायचं कारण नाही.

तात्या_पेठकर
म्हणजे सगळे व्यापारी साधू, लबाड फक्त दांडी! अहो, वजनाच्या बुडातलं शिसं काढणारे मी कमी नाही पाहिले.

काटेकोर
ते होतंच. लोखंडी वजनाच्या खाचेत शिसं भरून त्यावर निरीक्षकाचा ठसा मारतात. ते शिसं कमी झालं की वजन हलकं, आणि ठसाही गेलेला किंवा पुसट दिसतो. लबाड व्यापारी दाखवायचा तर ती खूण आहे. पण ओसरींच्या अण्णांना ती लावू नका, रोजकीर्दांचं गणित वाया जाईल.

पायरीखाली
इतका वेळ वाचतोय. शीग, पासंग, पाव पैसा, सगळं बरोबर. पण १९६२च्या गावातल्या पेठेत दुकानाच्या पायरीवर कोण चढत होतं आणि कोण नव्हतं, हे एकानेही लिहिलेलं नाही. रोजकीर्दांच्या हिशोबातला छटाक-छटाक साखर नेणारा माणूस कोण होता? बहुतेक वेळा तोच, जो पायरीखाली उभा राहायचा. पैसे पायरीवर ठेवायचा, त्यावर पाणी शिंपडून ते उचलले जायचे, आणि पुडी हातात न देता वरून पदरात किंवा ओंजळीत टाकली जायची.

अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५चा. दुकानात येऊ न देणं आणि इतरांना विकतो त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर माल विकायला नकार देणं, दोन्ही त्यात गुन्हा. तुमच्या कथेच्या सहा वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात धर्मांतर झालेलं आहे. त्यानंतर कित्येक गावांत माणसं वरून टाकलेली पुडी घ्यायला नकार देऊ लागली. पुण्यातून शिकून आलेल्या मुलाला ‘लाभ’ ऐकू येतो आणि वरून पडणारी पुडी दिसत नाही, असा नायक असेल तर मग तीच तुमची कथा आहे. पण ती जाणूनबुजून लिहा.

तात्या_पेठकर
प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का? चांगली वजनमापांची चर्चा चालली होती.

पायरीखाली
मी आणली नाही. ती पायरी दुकानातच होती.

रोजकीर्द
पायरीखाली यांचा मुद्दा वजनमापांचाच आहे, तात्या. पुडी वरून टाकायची म्हटल्यावर गिऱ्हाईक काट्यापासून चार हात लांब. त्याला काटा दिसत नाही, पासंग दिसत नाही, पारडी बदलून दाखवा असं म्हणायची सोय नाही. माप शिगोशीग आहे का हेही तो खालून बघू शकत नाही. मी वर म्हटलं की अण्णा त्याला जुन्या छटाकेने पूर्ण साखर देतात. ते खरं धरलं तरी त्या माणसाला ते कळणार कसं? अण्णांचा सचोटीपणा फक्त अण्णांना ठाऊक.

ओसरी
हे आता माझ्या आवाक्याबाहेर चाललंय, पण सोडवतही नाही. म्हणजे अण्णा तोलात चोख आणि पायरीच्या बाबतीत जुने. वसंताने दोन्ही एकाच दिवशी पाहिलं तर?

पायरीखाली
दिवस एकच ठेवा. फक्त वसंताला उद्धारकर्ता करू नका. पुडी हातात द्या असं त्या गिऱ्हाइकाने स्वतः म्हणावं. त्यांच्यात तेव्हा बोलणारी माणसं होती.

मोडीवाचक
एक जोड देतो. अण्णांची खतावणी मोडीत असणार, आणि वसंताच्या पिढीला मोडी येत नाही. तो वही उघडतो तेव्हा उधारी कुणाच्या नावावर किती हे त्याला वाचताच येत नाही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे एवढं कळेल. कागदावर छापील रेघा नसतात, पान दुमडून घड्यांचे सळ पाडलेले असतात. त्यात रक्कम अशी: एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, आणि पुढे आडव्या रेघा एकेका आण्याच्या. ‘॥=’ म्हणजे दहा आणे. नव्या पैशांत दहा आण्यांचे साडेबासष्ट होतात, कोष्टकात बासष्ट धरत. ही लिपी पावांत आणि सोळांशांत विचार करते, शंभरात तिचा जीव गुदमरतो. अण्णा १९६२मध्येही ‘॥=’ लिहीत असतील आणि मुलगा शेजारी ६२ लिहीत असेल, तर वर्षअखेरीला दोन वह्यांचा मेळ बसणार नाही. प्रत्येक दहा आण्यांमागे अर्धा पैसा राहून जातो.

ओसरी
नवा तुकडा टाकतो आहे. झोडा.

> “आण्याची साखर द्या.” तो खालीच उभा होता. अण्णांनी फळीखालून काळं वजन काढलं. वसंता म्हणाला, “अण्णा, ते आता चालत नाही.” “माहिताय मला.” त्यांनी पुडी बांधली आणि हात पुढे करून सोडायच्या बेतात असताना खालून आवाज आला, “हातात द्या अण्णा. आणि तोललं ते बी दावा.” अण्णांचा हात तसाच राहिला. वसंताने पुडी घेतली, पुन्हा पारड्यात ठेवली, आणि दुसऱ्या बाजूला पावकिलोचं गोल वजन उचलून...

काटेकोर
छटाकेच्या पुडीसमोर पावकिलो कशाला? पन्नास ग्रॅमचं वजन ठेवू दे. पुडी जड भरेल, काटा कलेल, आणि खाली उभ्या माणसाला जास्त मिळतंय हे सगळ्या पेठेला दिसेल. तुमचा प्रसंग तिथेच आहे.

रोजकीर्द
शिवाय पावकिलोचं वेगळं वजन नव्या संचात नसतंच. ५०, १००, २००, ५०० ग्रॅम असा संच, पावकिलोला दोनशे आणि पन्नास मिळून ठेवावे लागतात. अण्णांना यावरही वैतागलेलं दाखवा, पूर्वी पावशेराला एकच वजन पुरायचं. आणि नवी लोखंडी वजनं गोल नाहीत, षटकोनी.

तात्या_पेठकर
षटकोनी कशापायी केली असतील?

काटेकोर
घरंगळत नाहीत, आणि जुन्या गोल वजनांत मिसळली तरी लांबून ओळखू येतात. सरकारी कारण काय होतं ते वेगळ्या धाग्यात बोलू. ओसरी, ‘तोललं ते बी दावा’ हे वाक्य ठेवा.